ईएसआरचा आकडा आणि त्याची मर्यादा

वीर, दासगाव, बिरवाडी किंवा पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून महाडला तपासणीसाठी आलेल्या माणसाच्या हाती लॅबचा कागद पडला, म्हणजे त्याची दृष्टी प्रथम ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे जाते. आणि त्या आकड्यांत ज्याच्यासमोर बाण काढलेला हमखास आढळतो तो ईएसआरचा. ‘ईएसआर वाढलाय, म्हणजे रक्तात इन्फेक्शन आहे’ असा निष्कर्ष मग तिथल्या तिथेच काढला जातो, शेजारपाजारी त्याला दुजोरा मिळतो, आणि तो आकडा उतरवण्यासाठी एखादे इंजेक्शन किंवा ‘पावरची गोळी’ मिळावी अशी मागणी घेऊन रुग्ण डॉक्टरांपुढे बसतो. वास्तविक हा आकडा ना जंतू मोजतो, ना रोग. तो नेमके काय मोजतो हे एकदा समजले, की त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची धरू नये याचा उलगडा आपोआप होतो. म्हणून आरंभ त्या मापनापासूनच करू.

वेस्टरग्रेन पद्धतीने ही तपासणी करताना शिरेतून काढलेल्या रक्ताच्या चार भागांत सोडियम सायट्रेटचा एक भाग मिसळतात, जेणेकरून रक्त गोठू नये. काळ्या टोपणाची जी छोटी बाटली लॅबमध्ये दिसते तिच्यात हे द्रावण मोजून आधीच भरलेले असते. ते मिश्रण सुमारे अडीच मिलिमीटर पोकळीच्या, शून्यापासून २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या उभ्या काचनळीत शून्याच्या खुणेपर्यंत ओढून घेतात, नळी घोडीवर अगदी सरळ उभी करतात, आणि बरोबर एक तास तिला कोणी हात लावत नाही. तांबड्या पेशी रक्तरसापेक्षा किंचित जड असल्यामुळे हळूहळू खाली उतरतात आणि वर पिवळसर, स्वच्छ रसाचा स्तंभ मोकळा होतो. एका तासाने तो स्तंभ जितके मिलिमीटर भरेल तो ईएसआर. कागदावर ‘२८’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की तासाभरात पेशींचा वरचा काठ २८ मिलिमीटर खाली सरकला. या संपूर्ण व्यवहारात जंतूंचा शोध कोठेही घेतला जात नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता प्रश्न असा की दाह असताना त्याच पेशी अधिक वेगाने का खाली बसाव्यात? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर सियालिक आम्लामुळे ऋण विद्युतभार असतो. समान भाराचे पदार्थ एकमेकांना दूर लोटतात या न्यायाने निरोगी रक्तातील पेशी एकमेकींपासून अंतर राखून, सुट्या सुट्या तरंगत असतात. सुटी पेशी इतकी लहान असते, आणि तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग इतका मोठा असतो, की रसाच्या विरोधामुळे ती फार सावकाश उतरते. शरीरात कोठेही दाह सुरू झाला, मग तो फुप्फुसातील जंतूंमुळे असो, संधिवातामुळे असो की अस्थिभंगामुळे, तेथील पेशी जे रासायनिक संदेश सोडतात त्यांतील इंटरल्यूकिन-६ हा संदेश यकृताला पोहोचतो, आणि यकृत काही विशिष्ट प्रथिनांची निर्मिती झपाट्याने वाढवते. त्यांत फायब्रिनोजेन हे लांबट, अवजड प्रथिन प्रमुख होय. रक्तरसात ते वाढले, की पेशींमधील परस्पर-प्रतिकर्षण निष्प्रभ होते, आणि त्या चपट्या पेशी सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटून रुपयांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. सुट्या पेशीच्या मानाने अशा चळतीचे वजन पुष्कळ वाढते, पण रसाशी घासणारा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून चळत वेगाने तळाकडे जाते. तासातील पहिली दहा मिनिटे बहुतेक चळती जमण्यात जातात, पुढच्या सुमारे चाळीस मिनिटांत त्या भराभर उतरतात, आणि अखेरच्या दहा मिनिटांत तळाशी दाटी झाल्याने वेग मंदावतो. दीर्घकालीन विकारांत फायब्रिनोजेनच्या जोडीला प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, हीही प्रथिने हेच कार्य करतात.

याचा अर्थ असा की ईएसआर हा मुख्यतः रक्तरसातील प्रथिनांचा अप्रत्यक्ष दाखला आहे. आणि तो ज्या प्रथिनांवर विसंबतो त्यांच्या चालीप्रमाणेच तोही चालतो. फायब्रिनोजेन वाढण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि रक्तात ते सुमारे चार दिवसांनी निम्मे होते. प्रतिपिंडे तर निम्मी होण्यास तीन आठवडे घेतात. म्हणून आजाराच्या पहिल्या दिवशी ईएसआर अगदी बेताचा असू शकतो, आणि आजार बरा होऊन रुग्ण शेतावर जाऊ लागला तरी आकडा कित्येक दिवस, क्वचित आठवडे, चढाच राहतो. हल्ली डॉक्टर सीआरपी नावाची जी दुसरी तपासणी सांगतात ती याच कारणाने. सीआरपी हे प्रथिन काही तासांतच वाढू लागते आणि दाह ओसरला की सुमारे एकोणीस तासांत निम्मे होते, त्यामुळे कालपरवाची हकीकत ते अधिक प्रामाणिकपणे सांगते. न्यूमोनियाचा ताप उतरला, भूक परतली, सीआरपी खाली आला, आणि ईएसआर मात्र ५०वरच आहे, अशा वेळी केवळ त्या आकड्यासाठी औषधाचा दुसरा कोर्स मागण्याचे काहीच प्रयोजन नाही.

प्रथिनांशिवाय आणखी एका गोष्टीचा या आकड्यावर फार मोठा परिणाम होतो, आणि आपल्या भागात तिचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा: ती म्हणजे पंडुरोग, रक्तातील तांबड्या पेशींची उणीव. नळीत पेशी कमी असतील तर खाली जाणाऱ्या पेशींना वर येणाऱ्या रसाचा अडथळाही कमी होतो, आणि दाहाचा लवलेश नसतानाही त्या वेगाने उतरतात. याउलट ज्याच्या रक्तात पेशींची संख्या अवाजवी वाढली आहे, किंवा सिकल सेलसारख्या विकारामुळे ज्याच्या पेशींचा आकारच विकृत आहे, त्याच्या रक्तात चळती नीट रचल्या जात नाहीत, आणि शरीरात दाह असूनही ईएसआर निर्दोष दिसतो. तेव्हा हिमोग्लोबिन न पाहता ईएसआर वाचणे म्हणजे अर्धाच कागद वाचणे होय.

हे स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित पण नित्य घडणारे उदाहरण घेऊ. वीरच्या आसपास भातशेती करणारी बावन्न वर्षांची एक बाई, लावणीचा हंगाम संपल्यावर थकवा, चढावर धाप आणि गुडघेदुखी घेऊन महाडला येते. अहवालात ईएसआर ४८, पांढऱ्या पेशी नेहमीच्या प्रमाणात, आणि हिमोग्लोबिन ७.८ आढळते. बरोबर आलेला मुलगा ४८वर बोट ठेवून म्हणतो, ‘डॉक्टर, आईच्या रक्तात इन्फेक्शन आहे का?’ प्रौढ स्त्रीसाठी ढोबळ मर्यादा काढण्याचा एक सोपा हिशेब असा: वयात १० मिळवून २ने भागावे, पुरुषाच्या बाबतीत वयाला नुसते २ने भागावे. या बाईची मर्यादा (५२ + १०) ÷ २ = ३१ येते, म्हणजे ४८ हा आकडा वाढलेला आहे यात शंका नाही; पण ७.८ हिमोग्लोबिन हेच त्या वाढीचे पुरेसे कारण असू शकते. डॉक्टर ताप, खोकला, वजनात घट, सांध्यांची सूज यांची विचारपूस करतात, काहीच नाही. हात लावून पाहता गुडघे गरम वा सुजलेले नाहीत, वयाची झीज तेवढी आहे. सीआरपी मर्यादेत निघतो, आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अगदी तळाला गेलेले असते.

येथून पुढचा तपास ईएसआरचा नसून लोह कोठे गेले याचा आहे. पाळी गेली की नाही, ती फार जात होती काय, शौच काळे होते काय, अनवाणी शेतात वावरल्याने आकडी कृमींचा उपद्रव आहे काय, हे सर्व विचारले पाहिजे. आणि पाळी गेलेल्या स्त्रीला लोहाची उणीव निघाली तर जठर व आतड्यांतून रक्त झिरपत नाही ना, याची शहानिशा करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊन दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९वर आले आणि ईएसआर ३० झाला, तर उत्तर मिळाले: वाढलेला आकडा पंडुरोगाचा होता. याच बाईने पहिल्याच दिवशी ‘इन्फेक्शन’ समजून प्रतिजैविके घेतली असती, तर पोट बिघडले असते, पैसे गेले असते, ईएसआर जिथल्या तिथे राहिला असता, आणि रक्त कोठून जाते आहे हा खरा प्रश्न कोणाच्या लक्षातही आला नसता. पंडुरोगाच्या मानाने ईएसआर ‘सुधारून’ सांगणारी गणिते पूर्वी सुचवली गेली, पण ती भरवशाची नाहीत. आधी हिमोग्लोबिन सुधारावे आणि मग पुन्हा मोजावे, हाच मार्ग सरळ.

उलट बाजूचा धोका पावसाळ्यात दिसतो, आणि तो अधिक गंभीर. सावित्री आणि गांधारी या नद्यांना पूर आला, म्हणजे महाड शहरात काय होते हे २००५ आणि २०२१च्या जुलैने सर्वांना दाखवले आहे. पाणी ओसरल्यावर घरादुकानांतील चिखल उपसणाऱ्यांना, तसेच दरसाल गुडघाभर पाण्यात लावणी करणाऱ्यांना, उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याची भीती असते. पाण्याशी संबंध आल्यानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी एकाएकी थंडी-ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत हात लावू न देणारी वेदना आणि डोळ्यांत लाली सुरू होते. अशा रुग्णाने पहिल्याच दिवशी रक्त दिले आणि ईएसआर १४ आला, तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरी निजून राहणे हा जिवाशी खेळ ठरू शकतो. कारण यकृताने प्रथिने वाढवून चळती जमण्याइतका अवधी अद्याप मिळालेलाच नसतो. दोन दिवसांनी तोच आकडा ६० होईल. पण ६० झाल्यावरही तो लेप्टो, मलेरिया, न्यूमोनिया आणि टायफॉइड यांत भेद करू शकणार नाही. येथे निर्णय ज्यांवर करावयाचा त्या गोष्टी निराळ्याच आहेत: लघवी कमी झाली का, डोळे पिवळे झाले का, धाप लागते का, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन काय सांगतात, आणि ‘पुराच्या पाण्यात किंवा चिखलात उतरलो होतो’ ही माहिती रुग्णाने आपणहून डॉक्टरांना दिली का. ही शेवटची माहिती कोणत्याही नळीत उमटत नाही.

रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणाचे महत्त्व या तालुक्याला नव्याने सांगावयास नको. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावरील जे संशोधन पुढे जगापुढे मांडले, त्याचा पाया दरदरून सुटणारा घाम, गार पडलेले हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांच्या बारकाईने केलेल्या नोंदींत होता. ईएसआरचा आकडाही अशा नोंदींच्या सोबतीने वाचला तरच बोलका होतो.

मग ही तपासणी निरुपयोगी म्हणावी काय? मुळीच नाही; तिचा उपयोग कोठे आहे हे तिच्या इतिहासातच दिसते. पोलिश वैद्य एडमंड बिएर्नाकी यांनी १८९७मध्ये पेशी बसण्याच्या वेगाकडे लक्ष वेधले. स्वीडनमध्ये रॉबिन फॉरेयस १९१८च्या सुमारास गर्भधारणा ओळखण्यासाठी तिचा उपयोग होईल काय हे पाहत होते, कारण गरोदरपणात फायब्रिनोजेन वाढून हा वेग स्वभावतःच वाढतो. आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१मध्ये फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयावर परिणामकारक औषध नव्हते त्या काळात आरोग्यधामांतून रुग्णाचा ईएसआर ठरावीक मुदतीने मोजून नोंदला जाई, तो निदानासाठी नव्हे, तर निदान झालेला रोग चढतो आहे की उतरतो आहे हे पाहण्यासाठी. तीच तिची योग्य जागा आजही आहे. संधिवाताच्या रुग्णात, हाडातील जंतुसंसर्गात, मणक्याच्या क्षयात उपचार लागू पडत आहे की नाही हे ठरवताना महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेले आकडे एका ओळीत मांडले, तर त्यांचा कल डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतो. परंतु क्षय आहे की नाही हे मात्र ईएसआरने ठरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, घटणारे वजन असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी विनामूल्य होते, ती करून घ्यावी. ईएसआर २० आला म्हणून ती टाळू नये, आणि ९० आला म्हणून थुंकी न तपासता क्षयाची औषधे सुरू करण्याचा आग्रह धरू नये.

अतिशय मोठ्या आकड्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ईएसआर १००च्या पुढे गेला, तर त्यामागे बहुधा काहीतरी ठोस कारण सापडते: खोल गेलेला जंतुसंसर्ग, तीव्र सांधेविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा कर्करोग. त्यातही उतारवयात कंबर-पाठ सतत दुखणे, पंडुरोग आणि शंभरावर ईएसआर असे त्रिकूट आढळले तर मायलोमा या मज्जेच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते, कारण त्यात एकाच जातीची प्रतिपिंडे अमाप तयार होऊन पेशींच्या चळती रचतात. अशा आकड्याची बोळवण ‘उन्हाळ्याने वाढला असेल’ म्हणून करू नये. आणि साठी उलटलेल्या माणसाची कानशिले नव्यानेच दुखू लागली, चावताना जबडा दुखला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर ईएसआरची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तो विकार दुर्मिळ असला तरी दृष्टी कायमची हिरावू शकतो, आणि त्यात क्वचित आकडा साधाही असतो.

आता नमुन्याविषयी, कारण आपल्या भूगोलात चूक पुष्कळदा येथेच शिरते. गावातील संकलन केंद्रात सकाळी आठला काढलेले रक्त इतर नमुने जमेपर्यंत थांबते, मग बाईकने महाडला किंवा तेथून पुढे मोठ्या शहरातील लॅबला जाते, आणि प्रत्यक्ष नळीत भरले जाईपर्यंत दुपार टळलेली असते. साध्या तापमानाला ठेवलेले रक्त सुमारे चार तासांच्या आत तपासले पाहिजे. त्यानंतर पेशी फुगीर होऊ लागतात, चळती जमत नाहीत, आणि आकडा खोटा कमी येतो. नळी तीन अंशांनी जरी कलली तरी पेशी एका बाजूने घसरतात, रस दुसऱ्या बाजूने वर चढतो, आणि आकडा सुमारे तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. मे महिन्याच्या उकाड्यात रस पातळ होऊन वेग वाढतो, आणि टेबलाला हादरे बसत असतील तरीही निकाल बिघडतो. काही यंत्रे पूर्ण तास न थांबता थोड्याच मिनिटांच्या निरीक्षणावरून तासाचा आकडा काढून देतात. त्यामुळे एका लॅबचा ३५ आणि दुसरीचा २६ यांची तुलना करून ‘औषध लागू पडले’ असा निवाडा देणे धाडसाचे आहे. पाठपुरावा करावयाचा असेल तर शक्यतो एकच लॅब, एकच पद्धत आणि केंद्रावर न देता थेट लॅबमध्ये जाऊन दिलेले रक्त, असा शिरस्ता ठेवावा.

डॉक्टरांपुढे कागद ठेवताना वाचकांनी तीन गोष्टी त्यावर पेन्सिलने लिहून न्याव्यात: त्रास सुरू होऊन किती दिवस झाले, त्याच दिवशीचे हिमोग्लोबिन किती, आणि मागचा ईएसआर कोणत्या तारखेचा व कोणत्या लॅबचा. गरोदर स्त्रीने ते ठळकपणे सांगावे, कारण त्या काळात ४०-५०चा आकडाही रोगाचा मानीत नाहीत. आणि ज्याला कसलाही त्रास नाही, वजन स्थिर आहे, हिमोग्लोबिन उत्तम आहे, अशा माणसाने ‘सर्व तपासण्यांच्या पॅकेज’मध्ये आलेल्या ३२ किंवा ३८ या आकड्यामागे सोनोग्राफी आणि स्कॅनची रांग लावू नये, डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्यावे, काही महिन्यांनी तोच आकडा पुन्हा मोजावा, आणि तो बहुधा उतरलेला आढळेल. ज्याला त्रास आहे त्याने मात्र आकडा कितीही साधा असला तरी आपला त्रासच आधी सांगावा, कारण ईएसआर दाह कोठे आहे, कशाने आहे आणि किती धोक्याचा आहे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.